रोज सोळाशे मारूनही टाइम का बसत नाही?



अकोटात पहाटे पाचला घराबाहेर पडलं की आपल्या वस्तीतली पोरंपोरी पोपटखेडच्या रस्त्यानं नाहीतर एखाद्या शाळेच्या ग्राउंडकडं पळताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीरसाठी, कुणी वनरक्षकासाठी पळतो. वर्दीचं आपल्या समाजाशी नातं जुनं आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते, आणि महारांना बंद झालेलं सैन्याचं दार १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पुन्हा नीट उघडलं. आजही आपल्या घरात पहिली पक्की नोकरी बहुधा वर्दीचीच येते. म्हणून या पळण्याकडं मी नुसता खेळ म्हणून पाहत नाही.

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या एका पोरानं मला विचारलं, "ताई, सोळाशे तर मी रोज मारतो. सहा महिने झाले. टाइम सहा-वीसच्या खाली येतच नाही. काहून?" पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं आणि ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याआधी आलं तर पूर्ण २० गुण मिळतात. मुलींना ८०० मीटर असतं, त्यांना पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंद. हा पोरगा ६ मिनिटे २० सेकंदांवर अडकला होता. त्याचं उत्तर त्याच्याच वाक्यात होतं: तो रोज सोळाशे "मारत" होता. म्हणजे रोज परीक्षा देत होता आणि अभ्यास कधीच करत नव्हता.

माझं मत मी आधीच सांगते. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं दर दीड-दोन महिन्यांनी एकदा तीस मिनिटांची पूर्ण ताकदीची धाव घ्यावी आणि तिच्या निकालावरून रोजचा वेग ठरवावा. पण त्याच्याही आधी रक्त तपासून घ्यावं. आपल्या समाजात ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

उंबरठा म्हणजे काय

हळू पळताना आपले स्नायू प्राणवायूच्या जोरावर काम करतात. वेग वाढवला की स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ जास्त तयार होतो. हे काही विष नाही, शरीर ते इंधन म्हणून वापरूनही टाकतं. पण एका ठराविक वेगानंतर ते जितकं तयार होतं तितकं वापरलं जात नाही, रक्तात साचत जातं आणि त्याच सुमारास धाप आवरेनाशी होते, पाय जड होतात. तो वेग म्हणजे आपला उंबरठा. त्याच्या अलीकडं माणूस बराच वेळ पळू शकतो. त्याच्या पलीकडं गेलं की घड्याळ उलटं चालू होतं, थोड्या मिनिटांत थांबावंच लागतं.

मोठ्या शहरांत खेळाडूंच्या बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचे थेंब घेऊन हा उंबरठा मोजतात. त्याला मशीन लागतं, पैसा लागतो. जो फ्रील नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं यासाठी मैदानावरची सोपी रीत लोकांपर्यंत नेली: एकट्यानं तीस मिनिटं शर्यतीसारखं पळायचं, त्या तीस मिनिटांचा सरासरी वेग म्हणजे जवळपास उंबरठ्याचा वेग. खरं तर हा वेग ताज्या दमाचा माणूस शर्यतीत साधारण तासभर टिकवू शकतो. मग तीस मिनिटंच का? कारण एकट्यानं, समोर कुणी नसताना, माणूस शर्यतीइतकं जीव तोडून पळत नाही. थोडं कमीच पळतो. म्हणून एकट्याची तीस मिनिटं आणि शर्यतीतला एक तास हे वेगानं जवळजवळ सारखे येतात. याचा अर्थ असा की ही चाचणी पाच-सहा मित्रांनी चढाओढ लावून घेतली तर आकडा फसवा येईल. जोडीदार पाहिजे, पण तो वही घेऊन कडेला उभा असावा.

चाचणी कशी घ्यायची

आधी ग्राउंड मोजा. कपड्याची ३० मीटरची टेप घ्या, आतल्या कडेपासून एक फूट सोडून, जिथून पाय पडतात तिथून मोजा आणि चुन्याची फक्की टाका. २०० मीटरचा गोल सोयीचा पडतो. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, छोट्या गोलात ते बरंच चुकतं. मी सांगते तो पोरगा ज्या गोलाला सगळे "दोनशे" म्हणत होते तिथं पळत होता. टेप लावली तर १९० मीटर भरला. आठ राउंड म्हणजे १५२० मीटर. त्याच्या ६ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण ८० मीटर कमी होते! खऱ्या भरतीत ते ऐंशी मीटर त्याला अठरा-वीस सेकंद मागं ओढणार होते. आम्ही फक्की पुसून पुढं सरकवली, गोल खरा २०० मीटरचा केला. त्यावर त्याचा खरा टाइम निघाला ६ मिनिटे ४० सेकंद.

चाचणीच्या आदल्या दिवशी जोराचा सराव नको. पहाटे चहा-बिस्किट किंवा एखादं केळं चालेल, पोटभर खाल्लं असेल तर दोन-तीन तास जाऊ द्या. दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू पळून अंग गरम करा, मध्ये तीन-चार वेळा ऐंशी-शंभर मीटर जरा वेगानं घ्या, मग पाच मिनिटं चाला. काळी माती ओली असेल तर चाचणी घेऊ नका. बुटाला चिकटणारा चिखल तुमचा निकाल खराब करतो आणि पायही मुरगळतो.

मग शिट्टी. जोडीदारानं प्रत्येक राउंडचा टाइम ओरडून सांगायचा आणि वहीत लिहायचा. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला शिट्टी वाजवायची, तीसच्या शिट्टीला पाय जिथं असेल तिथं खूण करायची. उरलेला अर्धामुर्धा राउंड टेपनं मोजायचा. थांबल्यावर बसायचं नाही, दहा मिनिटं चालत राहायचं.

आता यात नेमकं काय बिघडतं ते पाहा. या पोराच्या पहिल्या चाचणीत पहिल्या दहा मिनिटांत ११ राउंड झाले, दुसऱ्या दहात ९ आणि शेवटच्या दहात ८. एकूण २८. तो म्हणाला, "ताई, शेवटी मेलोच होतो." तो खरंच जीव तोडून पळाला होता, तरी ही चाचणी वाया गेली. सुरुवातीलाच तो उंबरठ्याच्या पार पलीकडं गेला आणि पुढची वीस मिनिटं त्याचा दंड भरत राहिला. असा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी येतो. उलट कुणाचे ९, ९ आणि ११ राउंड आले तर समजा की त्यानं ताकद राखून ठेवली होती. तीनही दहा मिनिटांचे राउंड जवळजवळ सारखे असावेत. अर्ध्या राउंडचा फरक चालतो, एकाहून जास्त फरक असेल तर आठवडाभरानं पुन्हा घ्यावी. पहिली चाचणी बहुतेकांची वाया जाते, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

आठ दिवसांनी त्यानं पुन्हा घेतली. या वेळी मी त्याला एकच सांगितलं, पहिली पाच मिनिटं तुला वाटेल की फारच हळू चाललंय, तसंच वाटू दे. राउंड आले १०, १० आणि १०. एकूण ३०, म्हणजे ६००० मीटर. हिशेब सोपा झाला: १८०० सेकंद भागिले ३० राउंड, एका राउंडला ६० सेकंद. किलोमीटरला ५ मिनिटं. हा त्याचा उंबरठा.

साठ सेकंदांवरून रोजचा वेग

इथं एक घोटाळा नेहमी होतो. आपण वेग टक्क्यांत मोजायला जातो, पण हातात असतात सेकंद. सेकंद वाढले म्हणजे वेग कमी झाला. म्हणून हळू पळायचं असेल तर राउंडचे सेकंद एकपेक्षा मोठ्या आकड्यानं गुणायचे. फ्रीलच्या पद्धतीतले तीन वेग आपल्याला पुरे आहेत.

सोपी धाव: उंबरठ्याचे सेकंद गुणिले १.१४ ते १.२९. या पोरासाठी राउंडला ६८ ते ७७ सेकंद. या वेगात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

उंबरठ्याची धाव: गुणिले ०.९९ ते १.०५. त्याच्यासाठी ५९ ते ६३ सेकंद. इथं तीन-चार शब्दच निघतात.

जोराची धाव: गुणिले ०.९० ते ०.९६. त्याच्यासाठी ५४ ते ५८ सेकंद. इथं बोलणं होत नाही.

एका मुलीचं उदाहरण घ्या. तिचे तीस मिनिटांत साडेबावीस राउंड झाले, म्हणजे राउंडला ८० सेकंद. तिची सोपी धाव ९१ ते १०३ सेकंदांची, उंबरठ्याची ७९ ते ८४ ची, जोराची ७२ ते ७७ ची. मुलाच्या सोप्या वेगाला ती धावली असती तर तो तिच्या उंबरठ्याच्याही पलीकडचा वेग झाला असता. म्हणूनच पन्नास पोरंपोरींना एका रांगेत एकाच वेगानं पळवणं ही मला चूक वाटते. पुढचा आरामात असतो, मागची रोज मरते आणि दोघांचंही नुकसान होतं.

आठवड्याची आखणी आम्ही अशी केली. तीन दिवस तीस-चाळीस मिनिटं सोपी धाव. एक दिवस उंबरठ्याची धाव, सहा राउंडांचे चार तुकडे आणि मध्ये दोन-दोन मिनिटं चालणं. एक दिवस भरतीच्या वेगाचा: २०० मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकानंतर पूर्ण दम घेऊन. ५ मिनिटे १० सेकंदांचं सोळाशे म्हणजे राउंडला ३९ सेकंद, तिथं एकदम उडी मारायची नाही, आधी ४८, मग ४६, असं उतरायचं. सहावा दिवस गोळा आणि शंभर मीटरचा, सातवा पूर्ण विश्रांतीचा. पूर्ण सोळाशे पंधरा दिवसांतून एकदाच.

त्याला सगळ्यात अवघड गेली ती सोपी धाव. "ताई, सत्तर सेकंदांनी पळालो तर पोरी पण मागं टाकतात, पोट्टे हसतात." मी त्याला सोण भिक्खूची गोष्ट सांगितली, ती विहारात त्यानं ऐकलेलीच होती. सोण इतक्या जोरानं साधना करत होता की चालून चालून पायातून रक्त आलं आणि तरी हाती काही लागेना. तो पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून भगवंतांनी त्याला तारांवरूनच समजावलं: तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि ढिली सोडली तरी लागत नाही. पळण्याचंही तसंच आहे. सोप्या धावेत हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि उंबरठाच वर सरकतो. रोज फाटेस्तोवर पळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यातलं काहीच धड करता येत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा त्याचे ३१ राउंड भरले, उंबरठा राउंडला ५८ सेकंदांवर आला. सोळाशे ६ मिनिटे ४० सेकंदांवरून ६ मिनिटे १२ सेकंदांवर आलं, तेही खऱ्या दोनशेच्या गोलावर. अजून ५ मिनिटे १० सेकंद लांब आहेत, हे मी त्यालाही सांगितलं. चाचणी बदलली की गुणाकार पुन्हा करायचा, जुने सेकंद विसरायचे.

या चाचणीची मर्यादाही सांगते. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर असतं, तिथं उंबरठा फार मोलाचा आहे. सोळाशेला अर्ध्याहून जास्त उपयोग. आठशेला कमी आणि शंभर मीटरला जवळजवळ नाही, तिथं नुसता वेग आणि सुरुवात लागते. ज्याला सलग तीस मिनिटं पळताच येत नाही त्यानं आधी महिना-दीड महिना चालत-पळत तीस मिनिटांपर्यंत यावं. आणि भरतीच्या तारखेआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चाचणी घेऊच नये.

ज्यांच्याकडं ठोके मोजणारं घड्याळ आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: वेगासाठी पूर्ण तीस मिनिटं धरायची, ठोक्यांसाठी फक्त शेवटची वीस, कारण पहिल्या दहा मिनिटांत ठोके वर चढत असतात. घड्याळ नसेल तर काहीच अडत नाही. थांबल्यावर मनगट धरून मोजलेले ठोके इतक्या लवकर उतरतात की त्यावर सराव बेतू नये, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं नाडी मोजलेली बाई म्हणून सांगते.

आता रक्ताचं

मी नर्स होते तेव्हा एका उन्हाळ्यात सरावाहून आणलेला एक तरुण वॉर्डात आला. शुद्धीवर होता, बोलत होता, पण मांड्यांत जीव नव्हता आणि लघवी काळ्या चहासारखी. सोबतचे म्हणत होते, ऊन लागलं. पुढं रक्त तपासलं तर सिकलसेलचा वाहक निघाला. त्याला किंवा त्याच्या आईला हे आधी कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सिकलसेल आपल्या विदर्भाचा, आणि आदिवासींबरोबर आपल्याही समाजाचा प्रश्न आहे. १९५८ सालीच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, एएस. वाहकाला रोजच्या जगण्यात काही त्रास नसतो, म्हणूनच त्याला ते कळत नाही. पण उन्हात, कमी पाण्यावर, एकदम पूर्ण ताकद लावली तर त्याच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायू फुटतात, त्यातला रंग लघवीत उतरतो, मूत्रपिंडं धोक्यात येतात.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. २०१६ साली अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत, स्नायू फुटण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट आढळला. म्हणजे वाहक वर्दी घालू शकतो, त्याला फक्त वेगळी काळजी लागते. अमेरिकेत २००६ साली डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा वाहक खेळाडू फुटबॉलच्या सरावात कोसळून गेला, आणि २०१० पासून तिथल्या वरच्या गटातल्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडं २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे, सरकारी दवाखान्यात प्राथमिक तपासणी होते. ती सकारात्मक आली तर एएस की एसएस हे ठरवणारी पक्की तपासणी करून घ्यायलाच पाहिजे, नुसत्या पहिल्या तपासणीवर थांबू नका.

एसएस असेल तर ही चाचणी नाहीच. एएस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण ताकदीची तीस मिनिटं नकोत. त्याऐवजी मी सुचवते ते असं: तीन-चार शब्द बोलता येतील इतक्याच वेगानं तीस मिनिटं धावावं आणि त्याचे राउंड मोजावेत. आकडा किंचित कमी येईल, पण सरावाला पुरतो. अंग हळूहळू तयार करायचं, दोन तुकड्यांत भरपूर विश्रांती, पाणी सोबत, आणि ताप असेल त्या दिवशी सुट्टी.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिनही पाहा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. १२ च्या खाली म्हणजे कमी. आठ-नऊवर असलेल्या मुलीचे राउंड कमी येतात आणि तिला वाटतं आपण आळशी. तिची मेहनत कमी पडत नाही, प्राणवायू वाहणारं रक्तच कमी आहे. तिला आधी गोळ्या आणि दोन-तीन महिने उपचार पाहिजेत, चाचणी नंतर.

कडेला उभ्या जोडीदारानंही दोन खुणा ओळखाव्यात. धावणारा बडबडायला लागला, दिशा चुकला, अंग भाजतंय असं लागलं तर तो उष्माघात आहे. तिथंच सावलीत ओल्या कपड्यांनी आणि पाण्यानं अंग गार करायला सुरुवात करा, गाडीची वाट पाहत बसू नका. धावणारा शुद्धीत आहे पण पायातलं बळ एकदम गेलं, मांड्या दुखतात तरी गोळा आल्यासारख्या कडक नाहीत, तर सिकलसेलचा संशय धरा. "ऊठ, चाल, बहाणे करू नको" म्हणून त्याला उभं करू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि सिकलसेलचं तिथं सांगा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर चाचणी तिथंच संपली. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर आधी हृदयाची तपासणी.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायाच्या भरतीत मुलांना एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवारांचे जीव गेले. ती सगळी कुणाची तरी पहिली पक्की नोकरी होणार होती. आपल्या अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा चाचणी उजाडतानाच, आणि उन्हाळा सुरू झाल्यावर अंगाला सवय व्हायला दोन आठवडे दिल्यावरच. उन्हाळ्यातला आकडा हिवाळ्यातल्या आकड्याशी ताडून पोराला बोलू नका, उन्हात सगळ्यांचेच राउंड कमी होतात.

आईबापांना माझं सांगणं आहे. पोराला एखाद्या अकॅडमीत घालताना फी विचारता, तसे तीन प्रश्न विचारा: ग्राउंड टेपनं मोजलंय का, पळवण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासता का, आणि आठवड्यातून किती दिवस पोरं हळू पळतात. तिसऱ्या प्रश्नावर कुणी हसलं तर तिथं पैसे भरू नका. आणि मुलीला अंधारात एकटी पाठवायला जीव धजत नाही म्हणून तिचं पळणंच बंद करू नका. वही आणि शिट्टी घेऊन कडेला उभं राहणारं माणूस तसंही लागतंच, ते काम आई करू शकते. राउंड मोजायला दहावी पास असावं लागत नाही, तीस खडे ओट्यात घेतले तरी पुरे.

विहाराच्या समित्यांकडं मागणं एवढंच, की पुढची भरती निघण्याआधी एक रविवार यासाठी द्यावा. सरकारी दवाखान्याशी बोलून वस्तीतल्या पळणाऱ्या सगळ्या पोरापोरींचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्यावं, निकाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. सिकलसेलचा वाहक असणं लग्नाच्या बाजारात लपवायची गोष्ट झाली आहे, म्हणून हा निकाल फळ्यावर लावायचा नाही. दुपारी एक टेप, एक पोतं फक्की घेऊन ग्राउंडवर खरा दोनशेचा गोल आखावा. तो पोरगा म्हणतो, टेप तो धरणार.